बातमी तळाशीच शोभते

सुज्ञ नागरिकांच्या नजरेतून सुटू नये अशी एक गोष्ट सध्या गुपचूप घडते आहे. कंपन्यांच्या जनसंपर्क विभागांत एका विशिष्ट वळणाचा माणूस शिरू लागला आहे. तो बहुधा कुठल्यातरी वर्तमानपत्राच्या डेस्कवर उमेदीची वर्षे घालवून आलेला असतो, चहा फार पितो, आणि त्याच्यापुढे कंपनीचे इंग्रजी प्रसिद्धिपत्रक ठेवले की ते शेवटाकडून वाचायला घेतो. तिथे पाचव्या-सहाव्या परिच्छेदात, अंग चोरून बसलेले एक वाक्य त्याला सापडते. त्यात आकडा असतो, तारीख असते आणि कोणीतरी काहीतरी केल्याचे क्रियापद असते. त्या वाक्याखाली तो रेघ ओढतो, ते उचलून थेट पहिल्या ओळीत नेऊन बसवतो आणि मग वरच्या परिच्छेदांतले शब्द एकेक करून खोडायला घेतो. दीड पानाचे पत्रक अर्ध्या पानावर येते. विभागातली तरुण मुले हे कौतुकाने बघत असतात, आणि काळजीचे खरे कारण तेच आहे.

पारंपरिक इंग्रजी पत्रकाची घडण किती विचारपूर्वक झाली आहे, हे आधी समजून घेतले पाहिजे. पहिल्या वाक्यात कंपनीचे नाव येते, पण ते एकटे येत नाही. 'अ लीडिंग ग्लोबल प्रोव्हायडर ऑफ इनोव्हेटिव्ह, एंड-टू-एंड सोल्यूशन्स' अशी बिरुदावली त्याच्या मागून चालत असते. ही कंपनी काहीतरी जाहीर करताना 'थ्रिल्ड' असते, निदान 'डिलायटेड' असते. फारच मंदीचे वर्ष असेल तर 'प्लीज्ड'वर भागवते. जे जाहीर करायचे ते 'स्टेट-ऑफ-द-आर्ट' असते आणि ग्राहकाला त्यातून 'सीमलेस' अनुभव मिळणार असतो. एवढे वाचूनही कंपनी रंग विकते, रसायने विकते की रुग्णवाहिका भाड्याने देते हे कळत नाही, असा एक आक्षेप घेतला जातो. आक्षेप घेणाऱ्यांना यातले सामर्थ्य दिसलेले नाही. उद्या कंपनीने धंदाच बदलला तरी पत्रकातला एक शब्दही बदलावा लागत नाही. इतकी टिकाऊ वस्तू कंपनीने दुसरी कोणतीही बनवलेली नसते.

डेस्कवरून आलेला हा आमचा संपादक मात्र या बिरुदावलीला प्रश्न विचारतो. 'लीडिंग' म्हणजे कशात आघाडीवर, आणि कोणाच्या मोजणीने? बाजारातला हिस्सा किती टक्के आहे आणि ते कोणी मोजले हे सांगता येत असेल तर ते लिहा, नसेल तर शब्द काढा. 'इनोव्हेटिव्ह' म्हणजे नवे काय? पंपाची मोटर आधीच्यापेक्षा कमी वीज खाते, एवढेच म्हणायचे असेल तर किती कमी खाते ते लिहा. अशा चौकशीपुढे कोणती विशेषणे टिकणार? विशेषणाचा मान ठेवण्याची एक रीत असते. घरी आलेल्या पाहुण्याला आपण त्याचे उत्पन्न विचारत नाही.

विशेषणांवर भागले असते तर गोष्ट वेगळी होती. पूर्ण वाक्यांसाठी या मंडळींकडे आणखी एक हत्यार आहे. वाक्य उलटे करून पाहायचे. 'आम्ही ग्राहकाला केंद्रस्थानी मानतो' हे वाक्य घ्या. त्याचे उलट 'आम्ही ग्राहकाला दाराबाहेर उभे करतो' असे होईल, आणि ते कोणतीही कंपनी कधीच म्हणणार नाही. ज्या वाक्याचे उलट कोणीच म्हणणार नाही ते वाक्य काहीही सांगत नाही, सबब ते जावे, असा यांचा न्याय आहे. याउलट 'पुढच्या महिन्यापासून दुरुस्तीचा माणूस रविवारीही येईल' हे राहते, कारण तो रविवारी न येणेही शक्य होते. तर्क म्हणून हे ठीक असेल. पण हा न्याय एकदा मान्य केला की तो जनसंपर्क विभागाच्या दारात थांबेल याची हमी काय? सत्कार समारंभातली भाषणे, बँकेच्या वार्षिक सभेतले अध्यक्षीय मनोगत, नव्या कुलगुरूंचे पहिले निवेदन, सगळे उलटे करून पाहिले जाईल. ज्यांना महाराष्ट्रातील सार्वजनिक जीवन मोकळे पडलेले बघायचे आहे त्यांनीच हा प्रयोग खुशाल करावा.

बातमी आधी आणि बाकीचे मागून, हा हट्ट तर आपल्या संस्कृतीलाच परका आहे. लग्नपत्रिकेकडे पाहा. वर कुलदेवता, मग 'आमचे येथे श्रीकृपेकरून', मग वरपक्ष, वधूपक्ष, आजोबांच्या पदव्या, आणि या सर्वांतून वाट काढत गेल्यावर मुहूर्त आणि कार्यालयाचा पत्ता. पहिल्याच ओळीत 'रविवारी दुपारी साडेबाराला जेवायला या' असे छापले तर आपल्याला ते बरे वाटेल काय? संपादक यावर म्हणतो की लग्नपत्रिका घरचे लोक वाचतात, त्यांना बातमी आधीच माहीत असते. पत्रक अनोळखी माणूस वाचतो, त्याला ती माहीत नसते. फरक बारीक आहे, म्हणून दुर्लक्ष करण्यासारखा आहे.

बातमी आधी सांगण्याच्या या सवयीचा उगम शोधायला फार मागे जावे लागत नाही. २८ ऑक्टोबर १९०६ रोजी अमेरिकेत अटलांटिक सिटीजवळ विजेवर चालणारी एक आगगाडी खाडीवरच्या पुलावरून घसरून पाण्यात पडली आणि पन्नासहून अधिक माणसे दगावली. गाडी पेनसिल्व्हेनिया रेलरोडच्या गोतावळ्यातली. अशा वेळी रेल्वे कंपन्यांची रीत ठरलेली होती. पत्रकारांना जवळ फिरकू द्यायचे नाही आणि काही बोलायचे नाही. त्या वेळी कंपनीच्या प्रसिद्धीचे काम पाहत होता आयव्ही ली. तो स्वतः न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रांत बातमीदारी करून आलेला, म्हणजे रोग मुळात कुठून आला ते वाचकांच्या ध्यानात येईल. त्याने काय घडले ते कंपनीच्याच नावाने लिहून वर्तमानपत्रांना वाटले, आणि बातमीदारांना घटनास्थळी न्यायची व्यवस्थाही केली. 'न्यूयॉर्क टाइम्स'ने ते निवेदन ३० ऑक्टोबरला जसेच्या तसे छापले. आजच्या प्रसिद्धिपत्रकाची ही आद्य प्रत मानतात. तीत कंपनी 'थ्रिल्ड' नव्हती. प्रवाशांच्या सुरक्षिततेशी असलेल्या आपल्या अतूट बांधिलकीचा पुनरुच्चार करण्याची इतकी चालून आलेली संधी कंपनीने वाया घालवली आणि गाडी पडली हेच सांगत बसली. प्रसिद्धिपत्रकाला या बाळबोध अवस्थेतून वर काढायला पुढच्या पिढ्यांना बरेच कष्ट पडले.

ते कष्ट कोण उपसते, हेही सांगितले पाहिजे, कारण संपादकाची कात्री पहिली लागते ती यांच्याच श्रमांना. पत्रकाचा पहिला खर्डा एखादी कनिष्ठ मुलगी लिहिते आणि तो बहुधा बराच सरळ असतो. मग तो मार्केटिंगकडे जातो, तिथे उत्पादनाचे ब्रीदवाक्य त्यात येते. भागीदार कंपनीकडे जातो, तिथे त्यांची बिरुदावली आपल्याइतकीच लांब आहे की नाही हे मोजून घेतले जाते. कायदा विभाग प्रत्येक 'करणार' पुसून तिथे 'करण्याचा मानस आहे' असे घालतो. शेवटी व्यवस्थापकीय संचालकांच्या कार्यालयात सरांचे नाव दुसऱ्या परिच्छेदातून पहिल्यात जाते. या प्रवासात प्रत्येक जण काहीतरी घालतो आणि कोणीही काही काढत नाही, कारण घातल्याचा जाब कोणी विचारत नाही, काढल्याचा विचारतात. बातमी मुद्दाम खाली ढकलावी असे यांतल्या एकाच्याही मनात नसते. वर जागाच उरत नाही, म्हणून ती खाली जाते. इतकी निर्मळ लोकशाही आपल्याला ग्रामसभेतही क्वचित बघायला मिळते. संपादक मात्र पहिला खर्डा मागवून घेतो आणि त्या कनिष्ठ मुलीचे वाक्य शोधून वर आणतो. ज्येष्ठतेचा याहून मोठा अवमान कोणता असेल?

व्यवस्थापकीय संचालकांच्या अवतरणाचा विषय नाजूक आहे. चालीरीतीप्रमाणे दुसऱ्या परिच्छेदात सर म्हणतात की हा एक महत्त्वाचा टप्पा आहे, आमच्या कुशल संघाचा आम्हाला अभिमान आहे, आणि ही तर फक्त सुरुवात आहे. सर हे बोललेले नसतात. ते कोणीतरी लिहून त्यांच्या मान्यतेला पाठवलेले असते आणि गाडीत बसल्या बसल्या ते मान्य झालेले असते. संपादक म्हणतो की अवतरण ठेवायचे असेल तर त्यात अशी गोष्ट असावी जी निवेदनाच्या भाषेत सांगता येत नाही. हा निर्णय का घेतला, कोणता पर्याय नाकारला, काय अवघड गेले, असे काहीतरी. त्यासाठी तो सरांना खरोखरच फोन करतो आणि विचारतो. सरांना हा प्रश्न याआधी कोणी विचारलेला नसल्याने ते दहा मिनिटे छान बोलतात, आणि त्यातले एक वाक्य घेऊन संपादक बाकीचा परिच्छेद काढून टाकतो. सर नंतर ते वाक्य वाचतात आणि आपण हे बोललो होतो असे त्यांना आठवते. वरिष्ठांना अशा विचित्र अनुभवांत लोटू नये.

आता वाचकांच्या हिताचा मुद्दा. पारंपरिक पत्रक वर्तमानपत्राच्या डेस्कवर येते तेव्हा उपसंपादक मेलचा विषय बघतो, पहिली ओळ बघतो आणि पुढच्या मेलकडे जातो. दुपारी जनसंपर्क संस्थेतून फोन येतो, 'सर, प्रेस नोट मिळाली का? उद्या कॅरी होईल का?' संध्याकाळी दुसरा फोन येतो. या दोन फोनांवर एका शहरात किती तरुणांचे पगार निघतात याचा विचार व्हावा. शिवाय पत्रक छापले जात नाही, त्यामुळे वाचकाची सकाळ शांत जाते. उलट, बातमीने सुरू होणारे पत्रक उपसंपादक दोन मिनिटांत उतरवून मोकळा होतो. फोन नाही, विनवणी नाही, आणि दुसऱ्या दिवशी वाचकाला कंपनीने काय केले ते समजलेले असते. यात कंपनीचा फायदा काय, हे मला अजून कोणी पटवून देऊ शकलेले नाही.

एवढे वाचूनही ज्यांचा कल संपादकाकडे असेल त्यांच्यासाठी एक अभिजात कृती समोर ठेवतो. ५ डिसेंबर २०१२. नागपूरचे विक्रम पंडित पायउतार होऊन मायकेल कॉर्बाट यांच्याकडे सिटीग्रुपची सूत्रे आल्याला दोन महिनेही झाले नव्हते. त्या दिवशी बँकेने काढलेल्या पत्रकाचे पहिले वाक्य असे की कंपनीने 'रिपोझिशनिंग ॲक्शन्स'ची एक मालिका जाहीर केली आहे, ज्यामुळे खर्च आणखी कमी होईल, कार्यक्षमता वाढेल आणि ग्राहकांना, विशेषतः उगवत्या बाजारपेठांतील ग्राहकांना, सेवा देण्याची कंपनीची अनोखी क्षमता अबाधित राहील. दुसरे वाक्य सांगते की याची फलश्रुती म्हणून कामकाज सुटसुटीत होईल आणि विविध भूभागांत 'ऑप्टिमाइज्ड कन्झ्युमर फुटप्रिंट' साध्य होईल. किती प्रसन्न वाटते. एखाद्या जुन्या वाड्याची डागडुजी चालली असावी असा भास होतो.

घडले होते ते असे. बँक ११ हजारांहून अधिक पदे रद्द करणार होती, म्हणजे साधारण दर पंचवीस माणसांमागे एक. पाकिस्तान, पराग्वे, रुमानिया, तुर्कस्तान आणि उरुग्वे या देशांतली सामान्य ग्राहकांसाठीची बँकिंग सेवा ती विकणार होती किंवा बरीच आटोपती घेणार होती. 'फुटप्रिंट'चे जे काय व्हायचे होते ते हेच. त्या तिमाहीत यापोटी सुमारे १ अब्ज डॉलरचा खर्च दाखवायचा होता आणि २०१४ पासून वर्षाला १.१ अब्ज डॉलरहून अधिक बचत व्हायची होती. पत्रकाने यातले काहीही लपवलेले नाही, हे आवर्जून नोंदवले पाहिजे. सगळे आकडे त्यात आहेत. फक्त पहिल्या दोन वाक्यांत माणूस नाही. कॉर्बाट यांच्या तोंडचे वाक्य तर जपून ठेवण्यासारखे आहे. कंपनीच्या अतुलनीय जागतिक जाळ्याशी आपण बांधील आहोत, असे ते म्हणतात, आणि त्याच दमात हेही सांगतात की काही ठिकाणी आणि काही उत्पादनांत एवढ्या आकारातून पुरेसा परतावा मिळत नाही असे आढळले आहे. जाळे अतुलनीय आहे, म्हणून ते पाच देशांतून आवरले. दोन्ही गोष्टी एका वाक्यात नांदवण्याची ताकद साध्या मराठीत तर नाहीच, साध्या इंग्रजीतही नाही.

आमच्या संपादकाच्या हाती हे पत्रक दिले तर काय होईल? पहिले वाक्य होईल, 'सिटीग्रुप ११ हजारांहून अधिक पदे रद्द करणार आहे.' दुसऱ्यात पाच देशांची नावे येतील, तिसऱ्यात खर्च आणि बचत. 'रिपोझिशनिंग' जाईल, 'स्ट्रीमलाइन्ड' जाईल, 'अनोखी क्षमता' जाईल. कॉर्बाट यांच्या अवतरणाला तो आतून हात लावणार नाही, कारण दुसऱ्याच्या तोंडचे शब्द त्याला विचारल्याशिवाय बदलायचे नसतात. मात्र परतावा मिळत नसल्याची कबुली तेवढी ठेवून वाक्याचा आधीचा भाग वगळायची परवानगी तो मागेल. 'हून अधिक' तो काढणार नाही, कारण ते शोभेचे नाही, मापाचे आहे. 'विकणार किंवा आटोपती घेणार' याचे चटपटीत 'बंद करणार' करण्याचा मोह त्याच्या तरुण शिष्यांना होईल, आणि तो त्यांना झापेल. बचत 'अपेक्षित' आहे तर अपेक्षितच लिहील. शेअर बाजाराला दिलेल्या माहितीशी प्रत्येक आकडा ताडून पाहील. आपल्याकडेही सेबीच्या २०१५ च्या नियमावलीप्रमाणे सूचिबद्ध कंपनीला महत्त्वाची घडामोड बाजाराला कळवावी लागते, आणि तिथे एक व पत्रकात दुसरे असे चालत नाही. तळाचा तो रुक्ष इशाराही, की भविष्याविषयीची विधाने खरी ठरतीलच असे नाही, तो जसाच्या तसा ठेवील, कारण १९९५ च्या अमेरिकी कायद्याने कंपनीला मिळणारे संरक्षण त्या शब्दांवर उभे आहे. म्हणजे हा माणूस बेफिकीर नाही. बेफिकीर असता तर त्याला काढून टाकणे सोपे झाले असते.

सिटीग्रुपचा आदर्श पुढे वाया गेला नाही, हे समाधान आहेच. १७ जुलै २०१४ रोजी मायक्रोसॉफ्टमध्ये स्टीफन एलॉप यांनी कर्मचाऱ्यांना जे पत्र लिहिले आणि कंपनीने प्रसिद्धही केले, त्याची सुरुवात 'हॅलो देअर' अशी घरगुती आहे. त्यानंतर उपकरणांचे धोरण आणि कंपनीचे व्यापक धोरण यांचा मेळ कसा बसतो याचे विवेचन सावकाश चालते, आणि साधारण अकराव्या परिच्छेदात कळते की १२,५०० जणांना जावे लागेल. तिथवर पोचेपर्यंत वाचणाऱ्याला आपले काम का नकोसे झाले याची धोरणात्मक पार्श्वभूमी पुरती अवगत झालेली असते. दुर्दैवाने वर्तमानपत्रांनी या पत्राची टिंगल केली. ज्यांनी आयुष्यभर पहिल्या परिच्छेदातच सगळे सांगून टाकण्याची घाई केली, त्यांच्याकडून दुसरी अपेक्षा नव्हती.

सिटीग्रुपचे मात्र तसे झाले नाही. पत्रक निघाले त्या दिवशी बँकेचा शेअर सुमारे सहा टक्क्यांनी वधारला. म्हणजे ज्यांच्यासाठी ते लिहिले होते त्यांना 'रिपोझिशनिंग'चा अर्थ समजावून सांगावा लागला नाही. उरलेल्या ११ हजारांहून अधिक जणांना तो कळायचा तेव्हा कळणारच होता. त्यांच्यासाठी पहिले वाक्य अडवून ठेवायचे कारण काय?